तीस सेंटिमीटरांचं घड्याळ

फ्लॅशकार्डांचं ॲप वापरणाऱ्यांनी लाइटनर हे नाव कुठेतरी वाचलेलं असतं. पाच खोके काढलेलं एक चित्र असतं. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात जातं आणि चुकलं की परत पहिल्या खोक्यात येतं. या चित्रात पाचही खोके सारख्याच आकाराचे दाखवतात. मूळ पेटी मात्र तशी नव्हती. तिचे कप्पे मुद्दाम असमान ठेवले होते, आणि माझ्या मते त्या पेटीची सगळी गंमत त्या असमानपणातच आहे.

सेबास्टियन लाइटनर १९१९ साली साल्झबर्गमध्ये जन्मला. तो मानसशास्त्राचा प्राध्यापक नव्हता, पत्रकार होता. विज्ञान आणि मानसशास्त्रातले विषय सामान्य वाचकांना समजावून सांगणं हे त्याचं काम. १९७२ साली त्याचं जर्मन पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'शिकायचं कसं, ते असं शिका' असा होतो. त्याने त्यात वाचकाला घरीच एक लांबट पेटी करायला सांगितली. पेटीचे पाच कप्पे अनुक्रमे १, २, ५, ८ आणि १४ सेंटिमीटर रुंद. बेरीज केलीत तर बरोबर ३० सेंटिमीटर होते.

त्यामागचा विचार जुना होता. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विसरण्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले होते. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या तो स्वतःच पाठ करायचा. काही वेळाने तीच यादी पुन्हा पाठ करायचा आणि दुसऱ्यांदा किती वेळ वाचला ते मोजायचा. तासाभरातच निम्म्याहून जास्त बचत उडून जायची. एका दिवसानंतर साधारण एक तृतीयांश उरायची, पण महिन्यानंतरही एक पंचमांशाच्या आसपास टिकून असायची. म्हणजे विसरण्याचा उतार सुरुवातीला कड्यासारखा असतो आणि पुढे सपाट होत जातो. त्यामुळे पहिली उजळणी लवकर हवी आणि पुढच्या उजळण्या लांबत गेल्या तरी चालतं.

हे वेळापत्रक कागदावर पाळायचं कसं? शेकडो कार्डांवर तारखा लिहीत बसणं कुणालाच जमत नाही. लाइटनरने तारखा वगळल्या आणि जागा मोजली. त्याचा नियम असा: पहिला कप्पा रोज बघा, बाकीच्यांना ते भरेपर्यंत हात लावू नका. कप्पा भरला की त्यातली सगळ्यात जुनी थोडी कार्डं काढा आणि स्वतःला विचारा. बरोबर आलेली पुढे जातात, चुकलेली थेट पहिल्या कप्प्यात. एवढी जागा झाली की थांबा.

आता हिशेब करून बघू. मी जर्मनसाठी पेटी केली तेव्हा जे कार्ड वापरलं त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर होती, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये ४० कार्डं. त्या मापाने दुसऱ्या कप्प्यात ८०, तिसऱ्यात २००, चौथ्यात ३२० आणि पाचव्यात ५६० कार्डं मावतात. समजा, रोज २० नवी कार्डं आत येतात आणि तूर्त सगळी उत्तरं बरोबर येतात. कप्पे एकदा भरले की रोज २० कार्डं आत आणि २० बाहेर. अशा वेळी दुसऱ्या कप्प्यात एका कार्डाला ४ दिवस थांबावं लागतं, तिसऱ्यात १०, चौथ्यात १६ आणि पाचव्यात २८. कुठेही तारीख न लिहिता उजळण्यांमधलं अंतर आपोआप वाढत गेलं. चुका धरल्या की आकडे थोडे हलतात, पण क्रम तोच राहतो. पेटीची रुंदी हेच तिचं घड्याळ.

या घड्याळाची किल्ली मात्र नव्या कार्डांच्या हाती आहे. रोज ५च कार्डं घातलीत तर दुसऱ्या कप्प्यातली वाट ४ दिवसांवरून १६ दिवसांवर जाते, आणि ताज्या शब्दासाठी ते फार झालं. उलट परीक्षेच्या धास्तीने रोज ६० कोंबलीत, तर चारही कप्प्यांचा प्रवास ५८ दिवसांऐवजी जेमतेम तीन आठवड्यांत संपतो. कार्डं पेटीतून बाहेर पडतात, पण ती पाठ झालीत म्हणावं इतकी त्यांची परीक्षाच झालेली नसते. पहिला बिघाड ओळखायची खूण म्हणजे दुसऱ्या कप्प्यातून काढलेली बरीचशी कार्डं पहिल्यात परतायला लागतात. यावर उपाय पुठ्ठ्याचाच आहे. मधला पडदा सरकवून दुसरा कप्पा अर्ध्या सेंटिमीटरचा केला की त्यात २० कार्डं मावतात, आणि रोज ५च्या वेगाने वाट पुन्हा ४ दिवसांवर येते.

दुसरा बिघाड जास्त चिवट आहे. काही कार्डं पहिला कप्पा सोडतच नाहीत. ४० जागांपैकी २५ जागा अशा कार्डांनी अडवल्या की नव्यांना १५च उरतात. अशा वेळी दोष आपल्या स्मरणशक्तीला देण्याआधी कार्ड उलटून बघावं. माझ्याकडे 'गाबेल' हा शब्द असाच अडून बसला होता. गाबेल म्हणजे जेवणाचा काटा. अर्थ दरवेळी आठवायचा, लिंग दरवेळी चुकायचं. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. मराठीतही तीन लिंगं आहेत, पण आपल्याकडे तो चमचा, तो काटा आणि ती सुरी. चमचा जुळतो, बाकी दोन भांडतात. त्या एका कार्डावर खरं तर दोन प्रश्न होते. अर्थाचं एक आणि लिंगाचं एक अशी दोन कार्डं केल्यावर अर्थाचं कार्ड सरळ पुढे निघून गेलं. लिंगाचं मागे राहिलं, पण निदान मला नेमकं काय येत नाही ते कळलं.

पेटीची खरी मर्यादा याच्याही पलीकडे आहे. एका कप्प्यातल्या सगळ्या कार्डांना ती सारखंच वागवते. सोपा शब्द आणि किचकट शब्द शेजारी शेजारी तेवढेच दिवस थांबतात. १९८७ साली पोलंडमधल्या पोझनान शहरात प्योत्र वोझ्नियाक या विद्यार्थ्याने सुपरमेमो नावाचा संगणक प्रोग्रॅम लिहिला, तो नेमका इथे वेगळा होता. त्यात प्रत्येक कार्डाला स्वतःचं अंतर होतं: आधी १ दिवस, मग ६ दिवस, आणि पुढे आधीच्या अंतराला त्या कार्डाच्या गुणकाने गुणायचं. गुणकाची सुरुवात २.५ पासून. म्हणजे तिसरं अंतर १५ दिवसांचं. कार्ड अवघड जात असेल तर गुणक कमी होतो. जणू प्रत्येक कार्डाला त्याच्या मापाची वेगळी पेटी मिळाली. चुकलं की अंतर पुन्हा १ दिवसापासून सुरू, हा लाइटनरचा नियम मात्र तसाच राहिला. २००६ साली आलेल्या 'आंकी'नेही याच सूत्रावर सुरुवात केली. 'आंकी' हा पाठांतरासाठीचा जपानी शब्द.

या बदलात एक गोष्ट हरवली. ॲपचं घड्याळ खऱ्या तारखांवर चालतं. दिवाळीला दहा दिवस गावी जाऊन या, परत आल्यावर शेकडो थकलेली कार्डं समोर उभी असतात. कार्डांचे तक्ते छापणारेही पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने असं सांगतात, आणि तिथेही सुट्टी अंगावर येते. लाइटनरच्या पेटीत नवं कार्ड आलं नाही तर काहीच सरकत नाही, त्यामुळे कामाचा ढीग साचत नाही. अर्थात विसरणं तेवढ्यात थांबलेलं नसतं. फरक एवढाच की ॲप त्याची थकबाकी पहिल्याच दिवशी मोजून दाखवतं, आणि पेटी ती हप्त्याहप्त्याने, पहिल्या कप्प्यात परतणाऱ्या कार्डांतून वसूल करते.