खोटं बोलणारा फ्लॅशबॅक

उर्दूत गोष्ट सांगणाऱ्याला 'रावी' म्हणतात. रिवायत करणारा तो रावी. या शब्दातच एक सावधगिरी दडलेली आहे. गोष्ट रावीची आहे, म्हणजे ती कोणीतरी सांगितलेली आहे आणि सांगणाऱ्याला पारखून घ्यायला हरकत नाही. कथा-कादंबरीत ही सावधगिरी वाचकाला फारसे कष्ट न घेता जमते, कारण पानावर 'मी' असा शब्द छापलेला दिसत असतो. सिनेमात मात्र पात्र दोन वाक्यं बोलतं, चित्र विरघळतं आणि पुढचा प्रसंग आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहू लागतो. तिथे 'मी' कुठेच दिसत नाही. ऐकलेल्या गोष्टीवर माणूस शंका घेतो, पण पाहिलेल्या गोष्टीवर सहसा घेत नाही. खोटारडा निवेदक पडद्यावर आणणाऱ्या दिग्दर्शकाची सगळी अडचण इथे आहे.

ही युक्ती जुनीच आहे. 1920 सालच्या 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी' या जर्मन मूकपटात एक तरुण बाकावर बसून आपली हकीकत सांगतो आणि शेवटी कळतं की तो वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण आहे. तिथली घरं वाकडी, रस्ते तिरके, सावल्यासुद्धा रंगवलेल्या. त्यामुळे हे जग सरळ नाही, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून जाणवत राहतं. खरी परीक्षा होते ती चित्र अगदी साधं, रोजच्यासारखं असताना. 1950 साली दोन दिग्दर्शकांनी जगाच्या दोन टोकांना ही परीक्षा दिली. एकाला बोल लागला आणि दुसऱ्याचं नाव जगभर झालं.

बोल लागला तो आल्फ्रेड हिचकॉकला, 'स्टेज फ्राइट'साठी. सिनेमाच्या सुरुवातीलाच जोनाथन नावाचा तरुण आपल्या मैत्रिणीच्या, ईव्हच्या मोटारीतून पळून चालला आहे. तो तिला घडलेलं सांगू लागतो. नटी शार्लट रक्ताने माखलेल्या पोशाखात त्याच्या दारात आली. तिने नवऱ्याचा खून केला होता. तिच्यासाठी दुसरा पोशाख आणायला जोनाथन तिच्या घरी गेला आणि नेमका मोलकरणीच्या नजरेला पडला. हे सगळं आपण पाहतो. दार, जिना, खोली, प्रेत, सगळं. मग ईव्ह त्याला वाचवायला निघते आणि आपणही तिच्याबरोबर निघतो. सिनेमा संपत आल्यावर कळतं की खून जोनाथननेच केला होता आणि आपण पाहिलेला फ्लॅशबॅक ही त्याची बनावट होती.

प्रेक्षक आणि समीक्षक चिडले. पुढे फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतीत हिचकॉकने स्वतःच मान्य केलं की हे करायला नको होतं. पण त्याने एक प्रश्नही विचारला, आणि तो मला रास्त वाटतो. पडद्यावर पात्र तोंडाने खोटं बोललं तर कोणी तक्रार करत नाही, मग तेच खोटं फ्लॅशबॅकमधून का बोलू नये?

खरं म्हणजे हिचकॉकने खुणा ठेवल्या होत्या. पहिली खूण नावांच्या वेळचीच: नाटकगृहातला लोखंडी पडदा वर जातो आणि त्याच्यामागे रंगमंचाऐवजी खरंखुरं लंडन दिसतं. आता जे दिसेल ते नाटक समजा, असंच जणू सांगितलेलं. दुसरी खूण अधिक नेमकी आहे. ईव्हचे वडील तो रक्ताळलेला पोशाख निरखून पाहतात आणि त्यांच्या लक्षात येतं की डाग मुद्दाम फासलेला आहे. इतका सरळ पुरावा समोर असूनही आपण फसतो. डाग कोणी फासला असेल, असा प्रश्न आला की आपण शार्लटकडे बोट दाखवतो, कारण तिला त्या पोशाखात दारात उभी असलेली आपण 'पाहिलं' आहे. पोशाख जोनाथनच्या ताब्यात होता, हे साधं गणित सुचत नाही. मग जोनाथन तो पोशाख आगीत टाकतो, तरीही आपण त्याच्याच बाजूने राहतो. खूण होती, पण ती चित्राच्या बाहेर होती. खोट्या चित्राच्या आत कुठेही खोटेपणाचा ओरखडा नव्हता.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो शेवट. जोनाथन नाटकगृहाच्या तळघरात, एका नाटकातल्या बग्गीत बसून, ईव्हला खरं काय ते सांगतो. तेव्हा हिचकॉक नवा फ्लॅशबॅक दाखवत नाही. अंधार, डोळ्यांवर पडलेला उजेडाचा पट्टा आणि बोलणं, एवढंच. खोट्याला पूर्ण चित्र मिळालं आणि खऱ्याला नुसते शब्द. प्रेक्षकाची चिडचिड मला तिथलीच वाटते.

त्याच वर्षी जपानमध्ये अकिरा कुरोसावाने 'राशोमोन' केला. आकुतागावाच्या दोन कथांवर बेतलेला. जंगलात एक सामुराई मेला आहे. दरोडेखोर, सामुराईची बायको, मांत्रिकेच्या तोंडून बोलणारा मृत सामुराई आणि शेवटी एक लाकूडतोड्या अशा चौघांच्या चार हकीकती आपण पाहतो. इथेही फ्लॅशबॅक खोटं बोलतात, पण फसवल्याची तक्रार कोणी करत नाही. कारण कुरोसावा चित्र कोणाचं आहे हे विसरूच देत नाही. साक्षीदार अंगणात बसून कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलतात. न्यायाधीश दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. त्याच्या जागी आपणच बसलेले असतो. हकीकत संपली की सिनेमा पुन्हा त्या पडक्या वेशीखाली, मुसळधार पावसात येतो आणि तिथे बसलेला एक उपरा माणूस ऐकलेल्या गोष्टीची टर उडवतो. संशय घेण्याचं काम दिग्दर्शकाने एका पात्रालाच नेमून दिलं आहे.

शिवाय इथला ओरखडा चित्राच्या आत आहे. दरोडेखोर सांगतो तेव्हा द्वंद्व मर्दानी, डौलदार दिसतं. तलवारी तेवीस वेळा भिडल्या असं तो अभिमानाने म्हणतो. तेच द्वंद्व लाकूडतोड्याच्या हकीकतीत पाहा. दोघांचे हात थरथरतात, पाय अडखळतात, धापा ऐकू येतात, दोघेही एकमेकांना घाबरून मागे सरकतात. जागा तीच, नट तेच, फक्त अभिनय बदलला आहे. प्रत्येक हकीकतीत सांगणारा स्वतःला जसा पाहू इच्छितो तसा दिसतो. 1951 साली व्हेनिसमध्ये या सिनेमाला सुवर्णसिंह मिळाला.

बरेच जण शेवटची हकीकत खरी धरून चालतात. लाकूडतोड्या तटस्थ, त्याला काय पडलंय, असा हिशेब. पण खंजिराचा माग काढत बघा. त्यावर मौल्यवान जडावकाम होतं. बायको त्याचा उल्लेख करते. मृत सामुराई म्हणतो, माझ्या छातीतून तो कोणीतरी उपसून नेला. दरोडेखोर हळहळतो की तो घ्यायचा राहून गेला. लाकूडतोड्याने मात्र न्यायालयात सांगितलं होतं की आपल्याला प्रेत सापडलं, आणि वेशीखालच्या त्याच्या हकीकतीत सामुराई मरतो तो तलवारीने. उपरा माणूस हसत विचारतो, मग खंजीर गेला कुठे? लाकूडतोड्या गप्प. ती चोरी कुरोसावाने एकाही चित्रात दाखवलेली नाही. चार हकीकती आपण डोळ्यांनी पाहिल्या, आणि ज्या एका गोष्टीबद्दल कोणाला शंका उरत नाही, ती कळते एका माणसाच्या खाली गेलेल्या नजरेवरून.