विमान उशिरा, कंपनी गप्प : तक्रार पुढे कशी न्यावी?



सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की आपल्यापैकी बरेच जण मुंबईचे तिकीट काढतात. थेट विमान महाग पडते, म्हणून मध्ये एक थांबा असलेले स्वस्त तिकीट घेतो. असे विमान चुकले आणि कंपनीने हात वर केले तर काय करायचे, हे आम्ही मागच्या वर्षी एका सभासदाबरोबर बसून शिकलो. ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

आधी प्रकरण सांगतो. आमचे हे सभासद ११ एप्रिल २०२५ रोजी लंडनहून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकला वडिलांचे ऑपरेशन होते. पहिले विमान जवळजवळ दोन तास उशिरा पोहोचले, पुढचे हुकले, आणि मुंबईत ते ठरल्या वेळेपेक्षा नऊ तास दहा मिनिटे उशिरा उतरले. नाशिकला पोहोचेपर्यंत ऑपरेशन झालेले होते. वडील सुखरूप होते, पण आत नेताना मुलगा जवळ नव्हता. याची भरपाई कुठलाच कायदा देत नाही. कायदा मोजतो ते फक्त तास आणि किलोमीटर.

हक्क किती आणि कोणाला

ब्रिटनमध्ये हा नियम 'यूके २६१' या नावाने ओळखला जातो. प्रवास ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबचा असेल आणि चार तास किंवा जास्त उशीर झाला, तर माणशी ५२० पौंड. उशीर तीन ते चार तासांचा असेल तर २६० पौंड. ब्रिटनमधून निघणाऱ्या सर्व विमानांना हा नियम लागू आहे, मग कंपनी कुठल्याही देशाची असो. परतीच्या प्रवासाला मात्र तो फक्त ब्रिटिश किंवा युरोपियन कंपनी असेल तरच लागू होतो. म्हणजे भारतीय कंपनीचे लंडन-मुंबई विमान नियमात बसते, पण त्याच कंपनीचे मुंबई-लंडन बसत नाही. बरेच अर्ज इथेच फसतात.

कंपनीने आमच्या सभासदाला उत्तर दिले की पहिल्या विमानाला तीन तासांपेक्षा कमी उशीर झाला, सबब भरपाई नाही, पण सद्भावना म्हणून १०० पौंडांचे व्हाउचर घ्या. हे उत्तर चुकीचे होते. दोन्ही विमाने एकाच बुकिंगवर असतील तर उशीर शेवटच्या मुक्कामी मोजायचा, मग कंपनी युरोपबाहेरची असली आणि थांबाही युरोपबाहेर असला तरी, असे कोर्ट ऑफ अपीलने २०१७ मध्येच ठरवले आहे. पत्रात तो निकाल असा टाईप करावा: Gahan v Emirates [2017] EWCA Civ 1530. व्हाउचरही त्यांनी घेतले नाही, कारण खालच्या बारीक अक्षरांत 'पूर्ण व अंतिम तडजोड' असे लिहिले होते.

कंपनीची दुसरी ढाल म्हणजे 'असाधारण परिस्थिती'. वादळ किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाचा निर्बंध यात येऊ शकतो. नेहमीचा तांत्रिक बिघाड येत नाही, आणि वैमानिक आजारी पडणे हेही येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले. महत्त्वाचे म्हणजे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते, आपली नाही.

पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे कंपनीला लेखी तक्रार, आणि आठ आठवडे वाट पाहणे. त्याआधीच 'हे आमचे अंतिम उत्तर' असे पत्र आले तर थांबायची गरज नाही. आमच्या सभासदाने १४ एप्रिलला लिहिले, म्हणून त्यांची मुदत ९ जूनला संपली.

दुसरी पायरी कंपनीवर अवलंबून आहे. काही कंपन्या तंटा सोडवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेच्या सदस्य असतात. कोणती कंपनी कुठे आहे याची यादी सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीच्या, म्हणजे सीएएच्या संकेतस्थळावर आहे. अशा संस्थेचा निर्णय आपण मान्य केला तर तो कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनी सदस्य नसेल तर तक्रार थेट सीएएकडे जाते. सीएए कागद पाहून आपले मत देते, पण पैसे द्यायला भाग पाडू शकत नाही. आमच्या प्रकरणात हेच झाले. मत आपल्या बाजूने आले, आणि कंपनीने त्यालाही दाद दिली नाही. तरी ते पत्र पुढे कोर्टात फार उपयोगी पडले.

तिसरी पायरी म्हणजे स्मॉल क्लेम्स. इंग्लंड-वेल्समध्ये सहा वर्षांपर्यंत दावा करता येतो, स्कॉटलंडमध्ये पाच. आधी कंपनीला १४ दिवसांची मुदत देणारे पत्र पाठवायचे: रक्कम, कारण, आणि 'न दिल्यास दावा दाखल करू' एवढेच. मग ऑनलाईन दावा. ५२० पौंडांच्या दाव्याला ७० पौंड शुल्क पडले, तेही कंपनीकडूनच मागता येते. शिवाय वार्षिक ८ टक्के व्याज मागता येते, म्हणजे इथे दिवसाला साधारण ११ पेन्स. परदेशी कंपनीचा ब्रिटनमधला नोंदणीकृत पत्ता कंपनीज हाऊसच्या यादीत शोधावा. परदेशातल्या मुख्यालयाचा पत्ता टाकला तर ऑनलाईन दावा अडतो. १८ वर्षांखालील मुलांचा दावाही ऑनलाईन चालत नाही. त्यासाठी कागदी N1 अर्ज लागतो आणि एखाद्या मोठ्या माणसाला त्यांच्या वतीने उभे राहावे लागते.

कंपनीने बचाव दाखल केला. मे २०२४ पासून अशा दाव्यांत तासाभराची फोनवरची मध्यस्थी सक्तीची आणि मोफत आहे. त्या फोनवर कंपनीने आधी ३०० पौंड देऊ केले. आमच्या सभासदाने नम्रपणे नाही म्हटले आणि गहान निकाल व सीएएचे पत्र पुन्हा पुढे केले. अखेर ५२० अधिक ७० असे ५९० पौंड मिळाले. व्याज सोडून दिले.

कोणते कागद ठेवावेत

इथेच खरी लढाई जिंकली गेली. दोन्ही विमाने एकाच बुकिंग क्रमांकाखाली दाखवणारी ईमेल हा सर्वात मोठा पुरावा. ॲपमधला बोर्डिंग पास प्रवासानंतर गायब होतो, म्हणून निघतानाच स्क्रीनशॉट घ्यावा. नंतर दिलेल्या नव्या पासचाही घ्यावा. पोहोचण्याची वेळ चाके टेकल्यावर नव्हे, तर विमानाचे दार उघडल्यावर धरतात. त्या क्षणी फोनने एक फोटो काढला की वेळ आपोआप नोंदली जाते. उशिराचे कारण काउंटरवर लेखी मागावे. न दिल्यास कोण, किती वाजता, काय म्हणाले ते लगेच टिपून ठेवावे. वेब फॉर्म भरला तर 'सबमिट' दाबण्याआधी त्याचाही स्क्रीनशॉट घ्यावा, कारण प्रत मिळेलच असे नाही. जेवण, हॉटेल, टॅक्सीच्या पावत्या वेगळ्या ठेवाव्यात. तो खर्च ५२० पौंडांच्या बाहेरचा, स्वतंत्र हक्क आहे.

आम्ही संगणकवाले असल्याने फायलींना तारखेने नावे दिली. सीएएला आणि कोर्टाला तोच फोल्डर जसाच्या तसा गेला:

```
2025-04-11_booking.pdf
2025-04-12_door-open-BOM.jpg
2025-04-14_complaint-sent.pdf
```

शेवटी एक गोष्ट. भारतीय कंपनीच्या परतीच्या प्रवासाचे काय? तिथे एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, आणि न सुटल्यास भारतातील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे, ती मात्र विसरू नका.

कळावे, लोभ असावा.

आपली, मंडळाची माहिती समिती