चहा-कॉफी आणि लोहशोषण

जेवणातले लोह अंगी लागू न देण्याचा चहाचा गुण त्याच्या तुरटपणात आहे, कॅफिनमध्ये नव्हे. चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल द्रव्ये धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतल्या लोहाला आतड्यात धरून ठेवतात. ते बांधलेले लोह रक्तात न शिरता शौचावाटे निघून जाते. मटण-मासळीतले हीम-लोह वेगळ्या वाटेने शोषले जात असल्याने त्याला हा त्रास बराच कमी होतो. म्हणून प्रश्न मुख्यतः भाजी-पोळीचा आहे. बंगळुरूतल्या तरुणींवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाताच्या जेवणासोबत एक कप चहा दिल्यावर लोहाचे शोषण निम्म्याच्या आसपास आले, दोन कपांनी सुमारे दोन-तृतीयांश घटले. समजा, दोन पोळ्या आणि मेथीच्या भाजीत 4 मिलिग्रॅम लोह आहे आणि त्यातले 5 टक्के शोषले जाते, म्हणजे 0.2 मिलिग्रॅम, सोबतच्या कपाने त्यातले निम्मे गेले. चहात पोळी बुडवून खाल्ली तर भाजीही नाही आणि लिंबूही नाही, म्हणजे हिशेब आणखी तोट्याचा.

दूध घातले की चहा सौम्य होतो, हा समज जिभेपुरता खरा आहे. 1999 च्या एका प्रयोगात दूध घातल्याने चहा-कॉफीच्या या परिणामात फारसा फरक पडला नाही. मग वेळेने पडतो का? 1983 च्या अमेरिकी प्रयोगात हॅम्बर्गरच्या जेवणासोबतच्या कॉफीने शोषण 39 टक्क्यांनी घटले, चहाने 64 टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडले नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतलेली कॉफी सोबतच्या कॉफीइतकीच नडली. उलट, 2017 साली ब्रिटनमधल्या स्त्रियांवरच्या प्रयोगात जेवणानंतर तासभर थांबल्यावर चहाचा परिणाम बराच सौम्य झाला. हा विरोध वाटतो तेवढा मोठा नाही. जेवण पोटात किती वेळ रेंगाळते ते त्याच्या जडपणावर अवलंबून असते आणि तासाभराने ते पूर्ण पुढे सरकलेले नसते. म्हणून जेवणानंतर एक तास ही खालची मर्यादा धरावी, दोन तास झाले तर बरे. उठल्याउठल्याचा चहा मात्र नाश्त्याच्या तासभर आधी होत असेल तर निर्धोक.

पिढ्यान्‌पिढ्या चहा पिणाऱ्यांना काय झाले, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. एका जेवणातली घट वर्षाअखेर साठ्यात तेवढीच दिसत नाही, कारण साठा कमी झाला की शरीर शोषण वाढवते. ज्याचे लोह पुरेसे आहे त्याने जेवणानंतरच्या चहाची धास्ती घेऊ नये. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या, गरोदर किंवा फेरिटिन कमी असलेल्या स्त्रीला मात्र शरीराची ही भरपाई अपुरी पडते. हिमोग्लोबिन उशिरा घसरते, साठा आधी, म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर विसंबणे फसवे. तिने जेवणात लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्व लोह विरघळते ठेवते. लोहाची गोळी चहासोबत न घेता पाण्यासोबत घ्यावी.