सोडियम हायड्रॉक्साइडचे प्रमाणीकरण

सोडियम हायड्रॉक्साइडचे प्रमाणीकरण म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाच्या साहाय्याने सोडियम हायड्रॉक्साइडच्या (कॉस्टिक सोडा) द्रावणाची नेमकी संहती ठरविण्याची प्रयोगशालेय कृती. या द्रावणाने एखाद्या अज्ञात आम्लाचे अनुमापन करावयाचे असल्यास ही कृती आधी करावी लागते.

प्राथमिक प्रमाण पदार्थाची गरज

अनुमापनात अज्ञात द्रावणाची संहती ज्ञात द्रावणावरून काढली जाते. त्यामुळे ज्ञात मानलेल्या द्रावणातील चूक उत्तरात तशीच उतरते. एक लिटर ०.१ मोलर द्रावणासाठी हिशेबाने ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागते. परंतु तराजूवर ४ ग्रॅम भरलेला पदार्थ निव्वळ सोडियम हायड्रॉक्साइड नसतो. त्याच्या गोळ्या हवेतील ओलावा शोषून काही मिनिटांतच चिकट होतात आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून त्यांच्यावर सोडियम कार्बोनेटचा थर बसतो. तराजू कितीही अचूक असला तरी हा दोष दूर होत नाही. म्हणून हे द्रावण प्रथम अंदाजे तयार करतात.

ज्या पदार्थाचे केवळ वजन करून अचूक संहतीचे द्रावण मिळते, त्यास प्राथमिक प्रमाण पदार्थ म्हणतात. तो शुद्ध, ठराविक संघटनाचा आणि हवेत न बदलणारा असावा लागतो. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक, H₂C₂O₄·2H₂O, नेहमीच्या हवेत या अटी पूर्ण करतात. स्फटिकातील पाण्याचे दोन रेणू धरून त्याचे मोलर वस्तुमान १२६.०७ ग्रॅम आहे. हे स्फटिक भट्टीत वाळवू नयेत. उष्णतेने स्फटिकजल निघून गेल्यास तेवढ्याच वजनात अधिक आम्ल येते आणि सोडियम हायड्रॉक्साइडची संहती प्रत्यक्षापेक्षा कमी भरते.

कृती

ऑक्झॅलिक आम्लाचे १.५७६ ग्रॅम स्फटिक ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून प्रमाण चंबूत २५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरले असता ०.०५ मोलर द्रावण मिळते. त्यातील २५ मिलिलिटर द्रावण पिपेटने शंकुपात्रात घेऊन फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाकतात. ऑक्झॅलिक आम्ल विषारी असल्याने पिपेट तोंडाने न ओढता रबरी फुग्याने भरतात. ब्यूरेट सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणानेच खळबळून भरतात. शंकुपात्र मात्र केवळ पाण्याने धुतात, कारण त्यात राहिलेले आम्ल मोजलेल्या आम्लात भर घालते.

शंकुपात्र हलवीत द्रावण सोडताना शेवटी थेंबाथेंबाने सोडावे. सुमारे अर्धा मिनिट टिकणारा पहिला फिका गुलाबी रंग हा अंतिम बिंदू होय. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे हा रंग नंतर उडतो. तो परत आणण्यासाठी आणखी थेंब टाकू नयेत. वाचने ०.१ मिलिलिटरच्या आत जुळेपर्यंत अनुमापन पुन्हा करतात.

उदाहरण

ऑक्झॅलिक आम्लाचा प्रत्येक रेणू सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन रेणू उदासीन करतो:

H₂C₂O₄ + 2NaOH → Na₂C₂O₄ + 2H₂O

२५ मिलिलिटर ०.०५ मोलर द्रावणात १.२५ मिलिमोल आम्ल असते, म्हणून त्यास २.५ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड लागते. ब्यूरेटचे वाचन २५.८ मिलिलिटर आल्यास संहती २.५ ÷ २५.८ = ०.०९६९ मोलर ठरते. हे न करता बाटलीवरील ०.१ हा आकडा खरा मानून व्हिनेगर तपासले, तर ४.०० टक्के ॲसेटिक आम्ल असलेल्या नमुन्यात ते ४.१३ टक्के असल्याचे दिसेल. तिन्ही वाचने तंतोतंत जुळली तरी ही चूक लक्षात येणार नाही, कारण ती प्रत्येक वाचनात सारखीच असते.

मर्यादा

ऑक्झॅलिक आम्लाचा दुसरा हायड्रोजन दुर्बलपणे आम्लधर्मी असल्याने अंतिम बिंदूजवळ द्रावण किंचित आम्लारिधर्मी असते. त्यामुळे येथे फिनॉल्फथॅलिन योग्य ठरते. मिथिल ऑरेंजचा रंग त्याआधीच पालटू लागतो.

द्रावणात कार्बोनेट असल्यास दर्शकानुसार त्याची संहती वेगवेगळी येते. फिनॉल्फथॅलिन वापरल्यास कार्बोनेटचे रूपांतर बायकार्बोनेटपर्यंतच मोजले जाते, तर मिथिल ऑरेंज वापरल्यास ते पूर्णपणे मोजले जाते. म्हणून फिनॉल्फथॅलिनने काढलेली संहती त्याच दर्शकाच्या अनुमापनात वापरणे इष्ट असते. कार्बोनेट कमी राहावे यासाठी द्रावण उकळून थंड केलेल्या पाण्यात करतात. सोडियम हायड्रॉक्साइड काचेवरही हळूहळू क्रिया करते व काचेचे बूच घट्ट बसते, म्हणून द्रावण घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. तरीही हवेशी संपर्क येऊन संहती बदलत जाते. त्यामुळे काही दिवस ठेवलेल्या द्रावणाचे वापरापूर्वी पुन्हा प्रमाणीकरण करावे लागते.