फेरफाराची पायरी आणि न्यायालयाचा उंबरठा

१/ मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभारण्याचे ठरले. पनवेल तालुक्यातील उलवे त्या पट्ट्यातले. येथे सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, हा प्रश्न मग मोबदल्याचा आणि पुढे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचाही ठरला.

२/ समजा, वडिलांच्या निधनानंतर वारसनोंदीत एका बहिणीचे नाव सुटले. तिने हरकत घेतली, पण तहसीलदारांनी ती फेटाळली. ती थेट उच्च न्यायालयात जाऊ शकते काय? या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे.

३/ १८७६ च्या मुंबई महसूल अधिकारिता अधिनियमाने महसुलाच्या अनेक बाबी दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवल्या. जेथे दावा चालू शके, तेथेही कलम ११ ची अट होती : महसूल अधिकाऱ्याच्या कृतीबद्दल सरकारवर दावा लावण्यापूर्वी शक्य ती सर्व खात्यांतर्गत अपिले केल्याचे सिद्ध करावे. आधी पायऱ्या, मग दार.

४/ या पायऱ्या १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने आखल्या. १९६६ च्या महाराष्ट्र संहितेने त्या पुढे चालवल्या. बहिणीचे पहिले अपील पनवेलच्या प्रांताधिकाऱ्यांकडे, ६० दिवसांच्या आत. दुसरे अलिबागला, जिल्हाधिकारी पातळीवर. अपील हा तिचा हक्क आहे. वरिष्ठ अधिकारी पुरावा नव्याने तपासू शकतो आणि नोंद स्वतः बदलण्याचा आदेशही देऊ शकतो.

५/ त्यानंतर बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांपुढे पुनरीक्षण. येथे भूमिका बदलते. हा पक्षकाराच्या हक्कापेक्षा वरिष्ठाचा देखरेखीचा अधिकार अधिक आहे. कनिष्ठाचे दप्तर मागवून आदेश कायदेशीर व उचित आहे का आणि कार्यवाही रीतसर झाली का, हे पाहायचे. अर्ज नसला तरी वरिष्ठ स्वतःहून दप्तर मागवू शकतो.

६/ याच अधिकारात एक धोका होता. १८७९ च्या संहितेच्या कलम २११ मध्ये पुनरीक्षणाला मुदतच नव्हती. जुलै १९६० मध्ये राजकोटच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एका शेतजमिनीस बिगरशेती परवानगी दिली. राजकोटलाही तेव्हा हीच संहिता लागू होती. ऑक्टोबर १९६१ मध्ये, सुमारे पंधरा महिन्यांनी, आयुक्तांनी ती परवानगी रद्द केली. आदेशात कारणे नव्हती.

७/ पूर्वी असा माणूस हतबल ठरला असता. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार महसुलाच्या बाबतीत उच्च न्यायालयांना मूळ अधिकारिताच नव्हती. १९५० च्या राज्यघटनेने ते बंधन उठवले आणि अनुच्छेद २२६ ने रिटचा अधिकार दिला. राजकोटचा जमीनधारक त्याच दाराने आत गेला. उच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश रद्द केला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला : कायद्यात मुदत लिहिलेली नसली तरी पुनरीक्षण वाजवी कालावधीतच व्हावे, या प्रकरणी तो काही महिन्यांचा होता, वर्षाहून अधिक नव्हे. शिवाय कारणे न देणारा आदेश टिकत नाही.

८/ खरा भेद येथे दिसतो. जमीन कोणाची, हे न्यायालयाने ठरवले नाही. अधिकार कसा वापरला गेला, एवढेच तपासले. अपिलात ‘निर्णय बरोबर आहे का?’ असे विचारले जाते. न्यायिक पुनर्विलोकनात ‘अधिकार होता का, बाजू ऐकली का, कारणे दिली का?’ असे. म्हणून रिट जिंकूनही प्रकरण बहुधा फेरसुनावणीसाठी त्याच अधिकाऱ्याकडे परतते.

९/ उलव्याच्या बहिणीने म्हणून आधी अपीलच करावे. १८७६ ची सक्ती रिटला लागू नाही. पर्यायी उपाय असताना सहसा हस्तक्षेप न करणे, ही न्यायालयांनी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा आहे. नोटीसच बजावली नसेल किंवा अधिकाऱ्याला अधिकारच नसेल, तर ती शिथिल होते. मात्र ‘मृत्युदाखला वाचलाच नाही’ यासारख्या वस्तुस्थितीच्या तक्रारी प्रांतांपुढेच मांडून दप्तरी आणाव्यात. उच्च न्यायालय पुढे तेच दप्तर पाहते. तेथे नवा पुरावा सहसा उभा राहत नाही.

१०/ आणि दोन्ही वाटांची एक समान सीमा आहे. फेरफार ही महसुली नोंद आहे. ती खरी मानली जाते, पण केवळ विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. तिने मालकी निर्माण होत नाही. बहिणीचा वाटा अखेर दिवाणी न्यायालयच ठरवते. राजकोटच्या निकालानेही हेच सांगितले होते : मालकीचा वाद गुंतागुंतीचा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांनी पक्षकारांना त्या दाराकडे पाठवावे.