स्ट्रक्चर तुटलं म्हणजे नक्की काय झालं? 1929 चा चार्ट पुन्हा वाचताना

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. हायर हाय, हायर लो कळलं. पण शेवटचा लो तुटला की लगेच विकायचं का, आणि शॉर्ट करायचं का? नुसतं हो किंवा नाही म्हणून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून आज एकच चार्ट घेऊन बसूया. चार्ट जुना आहे, डाऊ जोन्स इंडस्ट्रियल ॲव्हरेजचा, 1929 सालचा. ऑक्टोबरची पडझड सगळ्यांना माहीत असते. पण त्याच वर्षी मे महिन्यातही स्ट्रक्चर तुटलं होतं आणि ते साफ खोटं निघालं, हे सहसा कोणी सांगत नाही. आजचा भाग खरं तर या दोन तुटण्यांमधल्या फरकाबद्दल आहे.

आधी ही कल्पना आली कुठून ते थोडक्यात. चार्ल्स डाऊ हा वॉल स्ट्रीट जर्नलचा संस्थापक-संपादक. 1896 च्या मे महिन्यात त्याने बारा शेअरची सरासरी काढून इंडस्ट्रियल ॲव्हरेज सुरू केला. पुढे अग्रलेखांतून तो बाजाराची तुलना समुद्राशी करायचा. किनाऱ्यावर लाट जिथपर्यंत येते तिथे काठी रोवायची. पुढची लाट काठीच्या पलीकडे गेली तर भरती चालू आहे, लाटा काठीपर्यंत पोचेनाशा झाल्या की ओहोटी लागली. गिरगाव किंवा दादरच्या चौपाटीवर वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. डाऊ 1902 मध्ये वारला. 'डाऊ थिअरी' हे नाव त्याने स्वतः कधी दिलं नाही. त्याच्या विखुरलेल्या लेखांतून नियम बांधले ते नंतरच्या लोकांनी, आणि त्यात मोठा वाटा विल्यम पीटर हॅमिल्टनचा, जो पुढे त्याच वर्तमानपत्राचा संपादक झाला.

आज रील्समध्ये 'बीओएस' आणि 'चॉक' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं याच काठीचं नवं पॅकिंग आहे. असो.

आता चार्ट. सगळे आकडे क्लोजिंगचे आहेत. डाऊच्या परंपरेत दिवसभरातल्या उड्या मोजत नाहीत, बंद भावच बघतात.

1929 च्या मार्चच्या पहिल्या दिवशी इंडस्ट्रियल 321.18 वर होता. तिथून घसरून 26 मार्चला 296.51. मग पुन्हा वर, 4 मे रोजी 327.08. म्हणजे हायर हाय झाला, सगळं छान. या घडीला अपट्रेंड मानणाऱ्या माणसाची काठी कुठे रोवलेली असेल? 296.51 वर. तो लो टिकला तर पुढचा लो 'हायर' म्हणायचा.

तो टिकला नाही. 27 मे रोजी क्लोजिंग आलं 293.42. तीनच पॉइंट खाली, जेमतेम एक टक्का, पण पुस्तकी व्याख्येने स्ट्रक्चर तुटलं. त्या दिवशी ज्याने शॉर्ट केलं असेल त्याची कल्पना करा. काही दिवसांतच भाव तुटलेल्या पातळीच्या वर परत आला. जून संपेपर्यंत मेचा 327 चा हायसुद्धा ओलांडला गेला. आणि 3 सप्टेंबरला इंडस्ट्रियल 381.17 वर बंद झाला. म्हणजे ज्या लोला ट्रेंड संपला असं वाटलं, तिथून जवळजवळ तीस टक्के वर, तेही साधारण चौदा आठवड्यांत.

वाटेत ऑगस्टमध्ये एक धक्का बसला. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने डिस्काउंट रेट पाच टक्क्यांवरून सहावर नेला, आणि 9 ऑगस्टला बाजार एका दिवसात चौदा पॉइंट पडून 337.99 वर आला. तिथून उसळून 381 चा हाय झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. हाय झाल्यावरच 337.99 हा मान्यताप्राप्त स्विंग लो ठरला. 9 ऑगस्टच्या संध्याकाळी ती फक्त एक वाईट तारीख होती.

इथे माझ्यातला कोड लिहिणारा थोडा बोलतो. चार्टकडे मागे वळून बघताना प्रत्येक लो ठळक दिसतो. पण प्रोग्रॅममध्ये तुम्ही 'दोन्ही बाजूंना पाच-पाच दिवस यापेक्षा वर असलेला दिवस' अशी व्याख्या केलीत, तर तो लो तुम्हाला पाच दिवस उशिरा कळतो. बॅकटेस्टमध्ये त्याच दिवशी खरेदी दाखवली असेल तर तुम्ही भविष्य वाचून ट्रेड करताय. अशी टेस्ट फार देखणी दिसते आणि तिची किंमत शून्य असते. स्विंग लो हा नेहमी थोड्या वेळाने कळणारा प्रकार आहे. त्याला इलाज नाही.

आता सप्टेंबर. हळूहळू घसरण सुरू झाली. 3 ऑक्टोबरला क्लोजिंग 329.95, म्हणजे ऑगस्टचा लो तुटला. दुसऱ्या दिवशी 325.17. मेसारखीच परिस्थिती. फरक इतकाच की यावेळी तुटणं तीन पॉइंटचं नव्हतं, आठ आणि मग जवळपास तेरा पॉइंटचं होतं. पण त्यावरून खात्रीने काही म्हणता आलं असतं का? मला नाही वाटत.

हॅमिल्टनची पद्धत इथे कामाला येते. पहिलं तुटणं ही त्याच्या लेखी सूचना, निकाल नव्हे. मग उसळी येऊ द्यायची आणि ती कुठे थांबते ते बघायचं. उसळी आली. 10 ऑक्टोबरला इंडस्ट्रियल 352.86 वर गेला. 381 वरून 325 पर्यंत जे छप्पन पॉइंट गेले होते, त्यातले अठ्ठावीसेक परत मिळाले, बरोबर निम्मे. मेमध्ये उसळी जुना हाय ओलांडून गेली होती. इथे ती अर्ध्यावर दमली. आता खालचा हाय तयार होऊ लागला आणि काठी 325.17 वर आली.

19 ऑक्टोबरला, शनिवारच्या दोन तासांच्या छोट्या सत्रात, 323.87. सोमवारी 320.91. आणि बुधवारी, 23 ऑक्टोबरला, 305.85. हॅमिल्टनने इंडस्ट्रियलचा इशारा सोमवारपासून धरला, शनिवारच्या एका पॉइंटवर त्याने भिस्त ठेवली नाही. शिवाय त्याची आणखी एक अट होती. रेल्वे शेअरच्या ॲव्हरेजनेही तेच सांगायला हवं. माल बनतोय पण वाहून नेला जात नाही, किंवा उलट, असं असेल तर एकट्याचं ऐकायचं नाही. रेल्वेने बुधवारी दुजोरा दिला. 25 ऑक्टोबरला त्याचा अग्रलेख आला, भरतीची दिशा उलटली असं सांगणारा.

या थांबण्याची किंमत मोजूया, कारण खरा हिशोब इथेच आहे. शिखरापासून 3 ऑक्टोबरच्या पहिल्या तुटण्यापर्यंत साडेतेरा टक्के गेले होते. 23 तारखेच्या दुजोऱ्यापर्यंत जवळजवळ वीस टक्के. हा पैसा स्ट्रक्चर वाचणाऱ्याच्या हातून जातोच. पण दुजोऱ्यानंतर 13 नोव्हेंबरच्या 198.69 पर्यंत आणखी पस्तीस टक्के गेले. आणि दुसरी बाजू अशी: 3 ऑक्टोबरला तुटल्या तुटल्या शॉर्ट करणाऱ्याने पुढच्या आठवड्याभरात सात टक्के स्वतःविरुद्ध जाताना पाहिले. चढ्या उधारीवर खेळणाऱ्याला तेवढं पुरतं. त्याचं मत शेवटी बरोबर ठरलं, पण तोवर तो पोझिशनमध्ये राहिला असता का, हा प्रश्न आहे.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे मी दोन तुकडे करतो. शेवटचा मान्य लो क्लोजिंगवर तुटला की लाँग ठेवण्याचं कारण संपलं. स्टॉपलॉस तिथेच असावा, आणि मेसारखा फसला तर परत आत यायची तयारी असावी, थोडा महाग भाव देऊन. शॉर्टचं कारण मात्र अजून तयार झालेलं नाही. त्यासाठी खालचा हाय आणि त्यानंतर पुन्हा खालचा लो लागतो. मधल्या काळात बाजाराला काही स्ट्रक्चरच नसतं, आणि त्या काळात काही न करणं हीसुद्धा पोझिशन आहे.

स्टॉपलॉसबद्दलही एक सांगायला हवं. 26 ऑक्टोबरला, शनिवारी, बंद भाव 298.97 होता. सोमवारचा बंद 260.64. एका सत्रात तेरा टक्क्यांच्या आसपास. त्याआधी 24 तारखेला टिकर काही तास मागे चालत होता, म्हणजे कागदी पट्टीवर दिसणारा भाव आधीच शिळा झालेला. अशा दिवशी तुमची पातळी आणि तुम्हाला मिळणारा भाव यांचा संबंध फार सैल असतो.

मग हॅमिल्टन थोर होता का? आल्फ्रेड काउल्सने 1933 मध्ये हे तपासलं. हॅमिल्टनचे 255 अग्रलेख घेतले, त्यातून मतबदलाचे 90 प्रसंग काढले. 45 बरोबर, 45 चूक, चक्क नाणेफेक. 1904 ते 1929 मध्ये त्याचं ऐकणाऱ्याला वर्षाला बारा टक्के मिळाले असते, नुसतं धरून बसणाऱ्याला साडेपंधरा. 1998 मध्ये ब्राऊन, गोएट्झमन आणि कुमार यांनी तीच सामग्री पुन्हा पाहिली आणि दाखवलं की हॅमिल्टन बराच काळ बाजाराबाहेर असल्यामुळे त्याने जोखीम खूप कमी घेतली होती, आणि ती धरली तर कामगिरी चांगली दिसते. मला दोन्ही निष्कर्ष एकत्र पटतात. बाजाराने चढण चालू ठेवली तर ही पद्धत तुम्हाला मागे ठेवते, आणि तिची भरपाई मोठ्या घसरणीत होते.

एक शेवटची गोष्ट, स्विंग ट्रेडरसाठी. नोव्हेंबरच्या 198.69 नंतर 7 डिसेंबरला हाय झाला 263.46, मग डिसेंबरमध्ये सुमारे 231 चा लो. तो नोव्हेंबरच्या वर होता. 1930 च्या फेब्रुवारीपर्यंत 263 ओलांडला गेला. छोट्या स्विंगवर हायर लो, हायर हाय, अगदी रीतसर. तिथे घेणाऱ्याला 17 एप्रिलच्या 294.07 पर्यंत दहाएक टक्के मिळाले. ट्रेड बरोबरच होता. पण मोठ्या चार्टवर 352.86 चा हाय अजून वर शाबूत उभा होता आणि त्याला कोणी हात लावला नव्हता. एप्रिलमध्ये 'मंदी संपली' म्हणत धरून बसलेल्याने 8 जुलै 1932 रोजी 41.22 पाहिलं. हॅमिल्टनने यातलं काहीच पाहिलं नाही. डिसेंबरच्या त्या हायनंतर दोनच दिवसांनी, 9 डिसेंबर 1929 ला तो वारला. इंडस्ट्रियलने 381 पुन्हा ओलांडलं ते 1954 च्या नोव्हेंबरमध्ये.

पुढच्या भागात क्लोजिंग की इंट्राडे लो, हा वाद घेऊ.