तळटीप: चार त्रिकोणांची मांडणी

१. जबलपूरचे मास्तर फरशीवर पुठ्ठ्याचे जे चार त्रिकोण फिरवतात, ती युक्ती भास्कराचार्यांची आहे. ‘बीजगणित’ ग्रंथात त्यांनी १५ आणि २० भुजांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण विचारून उपपत्तीही मागितली आहे. असे चार त्रिकोण, कर्ण बाहेर येतील असे गोल लावा. २५ चा चौरस होतो, मध्ये २० उणे १५, म्हणजे ५ बाजूचा चौरस रिकामा राहतो. प्रत्येक कोपऱ्यात एकाचा लहान आणि दुसऱ्याचा मोठा लघुकोन मिळून काटकोन भरतो. एखादा त्रिकोण पालथा पडला की मांडणी लगेच बिघडते. आता दोन-दोन त्रिकोणांचे कर्ण जुळवून १५×२० चे दोन आयत करा. एक उभा ठेवा, त्याच्या उजवीकडे तळ जुळवून दुसरा आडवा. दोघांच्या वरच्या खाचेत, उभ्याला टेकवून, ५ चा चौरस बसवा. आकृतीत डावीकडून २० वर उभी रेघ मारली की डावीकडे २० चा चौरस दिसतो, उजवीकडे १५ चा. ४०० आणि २२५ मिळून ६२५. तुकडे तेच, म्हणून क्षेत्रफळही तेच. आणि हे कोणत्याही भुजांना लागू पडते. भुजा समान असतील तर मधला चौरसच नाहीसा होतो. – संपादक